दुकानात कॉमन पाईप गळून चादरी भिजल्या, सोसायटीला पत्र द्यायचंय, मसुदा बघून सांगा

चादरवाला_सोलापूर | ९ डिसेंबर, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. जुळे सोलापूर भागात आमचं चादर-टॉवेलचं दुकान आहे, तळमजल्याला चार दुकानं आणि वर तीन मजल्यात बारा फ्लॅट. गाळा माझ्या नावावर आहे, भाड्याचा नाही. आमच्या पोटमाळ्यातनं वरच्या फ्लॅटांचा कॉमन पाईप आडवा जातो आणि मागच्या डक्टमधून खाली चेंबरला उतरतो. शनिवार-रविवार पाव्हण्यांच्या लग्नाला लातूरला गेलतो, काल सोमवारी शटर उघडलं तर पोटमाळ्यावरनं टप टप चालू. गड्ड्याच्या यात्रेसाठी भरून ठेवलेला माल होता ओ. वरचा गठ्ठा उचलला तर खालची चादर हाताला गार आणि चिकट लागली, लाल रंग पांढऱ्या पट्ट्यात उतरलेला, आणि वास तर विचारू नका.

सेक्रेटरींना फोन केला तर म्हणाले "तुमच्या दुकानातला पाईप आहे, तुम्ही बघा." आता पत्रच द्यायचं ठरवलंय. मसुदा असा आहे:

"मा. चेअरमन साहेब, आपल्या कमिटीच्या गलथान व बेजबाबदार कारभारामुळे माझे अतोनात नुकसान झालेले आहे. वारंवार सांगूनही आपण झोपा काढीत आहात. तरी नुकसानभरपाई रु. ७०,००० व मानसिक त्रासापोटी रु. ५०,००० सात दिवसांत द्यावेत, अन्यथा मेंटेनन्स भरणार नाही व कायदेशीर कारवाई करीन."

कसं वाटतंय? अजून कडक करू का?

---

कडकभाकरी | १० डिसेंबर, सकाळी ७.१५

अजून कडक केलं तर आमच्यासारखं होईल, चार महिने टिकेल पण खाताना दात पडतील :)

विनोद सोडा, वाईट वाटलं. ऐन गड्ड्याच्या तोंडावर.

---

माजी_सेक्रेटरी_कोथरूड | १० डिसेंबर, सकाळी ९.०५

मी अकरा वर्षं सोसायटीचं सेक्रेटरीपद भोगलंय (भोगलंय हाच शब्द बरोबर), त्यामुळे असं पत्र टेबलावर आलं की समोरच्या माणसाच्या डोक्यात काय येतं ते सांगतो. "झोपा काढीत आहात" वाचलं की कमिटी पुढचं वाचत नाही. सभेत त्या एका वाक्यावर पाऊण तास जातो आणि पाईप राहतो बाजूला.

दुसरं, मेंटेनन्स थांबवायची धमकी काढून टाका. तुम्ही थकबाकीदार झालात की सोसायटीच्या हातात आयतं कोलीत. तुमच्या गळतीचा विषय निघाला की ते तुमच्या थकबाकीचा कागद पुढे करणार. मेंटेनन्स वेळेवर भरा आणि पावती पत्राला जोडा. "मी माझं देणं दिलंय" हे त्या पावतीनेच सांगता येतं.

आणि "वारंवार सांगूनही" म्हणता ते कधी, कोणाला, कसं? पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे आणि तीच तुम्ही मोघम लिहिली आहे. पाईप कोणाचाही फुटतो, त्याबद्दल कमिटीला फार दोष देता येत नाही. पण कळूनही दुरुस्त केला नाही, हे दाखवलंत तर भरपाईचा मुद्दा उभा राहतो.

---

मीनल_ठाणे | १० डिसेंबर, सकाळी १०.३०

आमच्याकडे सेम झालं होतं. वरच्यांच्या बाथरूममधून आमच्या बेडरूमच्या छताला ओल आली, सोसायटीने हात वर केले, की हा दोन सभासदांमधला प्रश्न आहे. शेवटी वरच्यांनीच वॉटरप्रूफिंग करून दिलं. तुम्ही पहिल्या मजल्यावाल्यांना नोटीस द्या, सोसायटीला देऊन काही उपयोग नाही. टॉयलेट-सिंकची गळती ही ज्याची त्याने काढायची असते, बायलॉजमध्येच आहे.

---

चादरवाला_सोलापूर | १० डिसेंबर, दुपारी १.२०

काका, तोंडी तर ऑगस्टपासनं सांगायलालो. लेखी म्हणाल तर ११ सप्टेंबरला सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला होता, पाईपच्या जोडाला ओल आलेला. त्यावर चेअरमननी "बघतो" लिहिलंय आणि एक अंगठा. ते चालेल का?

मीनलताई, हे बाथरूमचं वरून झिरपणं नाही, पाईपचा जोडच गळतोय. पाईप सगळ्यांचा आहे.

---

माजी_सेक्रेटरी_कोथरूड | १० डिसेंबर, दुपारी १.४५

"बघतो" आणि अंगठा! चालेल काय, त्याच्यावरच सगळं उभं आहे. स्क्रीनशॉट काढा, पण मूळ चॅट डिलीट करू नका आणि तो फोन विकू नका.

---

बापू_नळवाले | १० डिसेंबर, रात्री ९.५०

मी सोलापुरातच प्लंबिंगची कामं करतो, तीस वर्षं झाली. पत्राचं मला कळत नाही, पाईपचं विचारतो. "कॉमन पाईप" म्हणता पण कुठला? डक्टात साधारण तीन असतात. एक चार इंची मैल्याचा, एक तीन इंची सांडपाण्याचा म्हणजे किचन-मोरीचा, आणि तिसरी टाकीवरनं खाली येणारी पाण्याची लाईन. पावसाचा असला तर चौथा. कुठला गळतो यावर सगळं आहे. आणि मीनलताई म्हणतात ते अगदीच चूक नाही बरं का, पहिल्या मजल्याची फांदी जिथं मेन पाईपला मिळते ती गळत असली तर ते त्या घरवाल्याचं काम निघू शकतं. मेन पाईपच गळत असला तर सोसायटीचं. खालनं बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं, वीतभराचा फरक असतो.

जोडाचा फोटो टाका. आणि गळतं कधी ते लिहून ठेवा, वेळेसकट.

---

चादरवाला_सोलापूर | ११ डिसेंबर, रात्री १०.१०

फोटो टाकलाय. आज दिवसभर बादली लावून बघितलं. सकाळी आठ ते अकरा जोरात, दुपारी थेंब थेंब, रात्री नऊला परत जोर. आज आमच्याकडे पाणी आलतं. बाहेरच्यांसाठी सांगतो, सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्या दिवसाला आम्ही पाण्याचा दिवस म्हणतो.

---

इंजि_राहुल | ११ डिसेंबर, रात्री १०.४०

मग सरळ आहे. पाण्याच्या दिवशी गळतं म्हणजे टाकी भरते, प्रेशर वाढतं, टाकीची लाईन लीक आहे. प्रेशर लाईन आहे, ड्रेनेज नाही.

---

बापू_नळवाले | ११ डिसेंबर, रात्री ११.२०

राहुलसाहेब, निम्मं बरोबर. पण टाकीची लाईन गळत असती तर टाकीत पाणी असेपर्यंत चोवीस तास गळली असती. सकाळी जोर, दुपारी कमी, रात्री भांड्यांच्या वेळेला परत जोर, ही चाल सांडपाण्याची आहे. सोलापुरात पाण्याच्या दिवशी बायका चार दिवसांची धुणी काढतात, पिंपं घासतात, गाड्या धुतात. सगळं पाणी त्या एकाच पाईपातनं खाली येतं. म्हणून त्या दिवशी जास्त.

फोटो बघितला. वरचा पाईप बीडाचा आहे आणि खाली कुणीतरी पीव्हीसी जोडलाय. मधल्या जोडात सिमेंट भरलंय आणि खाली सुतळीसारखं लोंबतंय ते गोणपाट. असलं काम मी शंभर ठिकाणी काढून टाकलंय. पीव्हीसी गुळगुळीत असतो, सिमेंट त्याला धरत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसला जातो, पीव्हीसी तापून लांबतो, रात्री आखडतो, आणि सिमेंट जागचं हलत नाही. दोन उन्हाळ्यात बारीक चीर पडते. त्यात किचनचं गरम तेलकट पाणी. आणि आडव्या पाईपला क्लॅम्प एकच दिसतोय, मधे पोट आलंय. पोटात तेलाचा थर बसतो, पाणी तुंबतं आणि चिरीतनं बाहेर येतं.

पण माझ्या अंदाजावर पत्र लिहू नका. अशी परीक्षा करा. सुट्टीच्या दिवशी टाकीखालचा व्हॉल्व्ह एक तास बंद ठेवायला लावा, आधी सगळ्यांना बादल्या भरून ठेवायला सांगा. टाकीची लाईन आपोआप बाहेर पडते. मग कपड्याची नीळ घ्या, बादलीभर पाण्यात चांगली गडद कालवा आणि आधी *तिसऱ्या* मजल्याच्या सिंकमध्ये ओता. पहिल्या मजल्यापासनं सुरुवात करू नका, नाहीतर नंतर काहीच कळणार नाही. तिसऱ्याचं निळं पाणी तुमच्या जोडातनं आलं तर ते मेन पाईपातनंच आलं, पहिल्या मजल्यावाल्याचा संबंध संपला. तिसऱ्याचं, दुसऱ्याचं आलं नाही आणि फक्त पहिल्याचं आलं तर त्याची फांदी. ओतताना कमिटीचा एक माणूस तुमच्या पोटमाळ्यावर उभा पाहिजे, नाहीतर नंतर म्हणतील नीळ तुम्हीच लावली.

---

कडकभाकरी | १२ डिसेंबर, सकाळी ६.५५

बापू, तुम्ही डिटेक्टिव्ह एजन्सी काढा राव.

---

तिसरा_मजला | १२ डिसेंबर, सकाळी ११.००

मी दुसऱ्या गावातल्या सोसायटीच्या कमिटीत आहे, खाली सहा दुकानं आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. दुकानदार गाळा घेतात, पोटमाळा करतात, पाईपला प्लाय मारून झाकून टाकतात, डक्टच्या दारासमोर रॅक लावतात. प्लंबर पाठवला की "आत्ता गिऱ्हाईक आहे, नंतर या." मग गळलं की भरपाई. धागाकर्त्यांनी प्लाय मारलाय का हे खरं सांगावं.

---

चादरवाला_सोलापूर | १२ डिसेंबर, दुपारी २.१५

मारलाय. खोटं कशाला बोलू. धूळ पडती म्हणून चार वर्षांपूर्वी खालनं प्लाय लावला. पण जोडापाशी दीड फुटाचं झाकण ठेवलंय, स्क्रू काढला की निघतं, सप्टेंबरचा फोटो त्यातनंच काढलाय. आणि प्लंबर एकदाही कुणी पाठवला नाही, परत पाठवायचा प्रश्नच कुठं येतो?

---

तिसरा_मजला | १२ डिसेंबर, दुपारी २.४०

मग ठीक. पण ही गोष्ट पत्रात तुम्हीच लिहा. आम्ही शोधून काढली तर वेगळं दिसतं.

---

अॅड_स्नेहा | १२ डिसेंबर, रात्री ८.३०

तिसरा मजला यांच्याशी शंभर टक्के सहमत. आपली कच्ची बाजू आपणच सांगितली की समोरच्याचं हत्यार बोथट होतं.

एक प्रश्न कुणीच विचारला नाही. ही खरंच सहकारी संस्था आहे का? सगळे बोलताना "सोसायटी" म्हणतात, पण सोलापूरसारख्या शहरात बऱ्याच इमारती अपार्टमेंट म्हणून असतात, म्हणजे डीड ऑफ डिक्लरेशन, १९७० चा अपार्टमेंट कायदा. बाहेरची पाटी बघू नका, खरेदीखत आणि शेअर सर्टिफिकेट बघा. सहकारी संस्था असेल तर १९६० चा सहकारी संस्था कायदा आणि उपविधी लागतात. उपविधीत संस्थेने स्वखर्चाने करायच्या दुरुस्त्यांची यादी आहे, त्यात सामाईक पाइपलाइन आणि ड्रेनेजलाइनच्या गळत्या स्पष्ट आहेत. मीनल म्हणतात ते टॉयलेट-सिंकमुळे होणाऱ्या आतल्या गळतीचं वाक्यही तिथेच पुढे आहे, म्हणून तर निळीची परीक्षा एवढी महत्त्वाची. कलमाचा क्रमांक आवृत्तीप्रमाणे बदलतो, तेव्हा तुमच्या संस्थेने मंजूर केलेली प्रत मागा आणि त्यातला क्रमांक लिहा, इंटरनेटवरचा उचलू नका.

---

चादरवाला_सोलापूर | १२ डिसेंबर, रात्री ९.०५

शेअर सर्टिफिकेट आहे ताई, दहा शेअर. सहकारीच आहे. आणि उपनिबंधकांकडे तक्रार केली तर ते पैसे मिळवून देतील का?

---

अॅड_स्नेहा | १२ डिसेंबर, रात्री ९.३०

उपनिबंधक कार्यालय संस्थेला पत्र पाठवून दुरुस्तीबद्दल विचारू शकतं, त्याने कमिटी हलते. पण नुकसानभरपाईची रक्कम ठरवणं हे त्यांचं काम नाही. त्यासाठी कलम ९१ खाली सहकार न्यायालय. दुरुस्ती आणि भरपाई या दोन मागण्या पत्रात वेगळ्या ठेवा, म्हणजे पैशावर वाद चालू राहिला तरी पाईप आधी दुरुस्त होईल.

---

इंजि_राहुल | १२ डिसेंबर, रात्री ९.४५

ग्राहक आयोगात जा, स्वस्त आणि मस्त.

---

अॅड_स्नेहा | १२ डिसेंबर, रात्री १०.००

गाळा व्यापारी वापराचा आहे, समोरचा वकील पहिला आक्षेप तोच घेणार. अशक्य म्हणत नाही, पण मस्त तर नाहीच.

---

चादरवाला_सोलापूर | १४ डिसेंबर, संध्याकाळी ६.३०

आज रविवारी परीक्षा केली. सेक्रेटरी यायला तयार नव्हते, पण खजिनदार चांगले आहेत, ते पोटमाळ्यावर माझ्यासोबत गुडघ्यात मान घालून बसले. व्हॉल्व्ह दहा वाजता बंद केला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी निळीची बादली ओतली, पोरगं जिन्यातनं ओरडलं "सोडलं!" आणि मी घड्याळ बघत बसलो. वरनं खळखळ आवाज आला, पाईपाच्या पोटापाशी येऊन मंद झाला. आधी काहीच नाही. मग जोडाच्या खालच्या अंगाला त्या गोणपाटाच्या दोऱ्यावर एक थेंब जमला, काळपट दिसला, खजिनदारांनी मोबाईलची बॅटरी मारली तर निळाशार. पडला तो त्यांच्या पांढऱ्या शर्टावरच. म्हटलं आता पुरावा घरीच घेऊन जा :) दुसऱ्या मजल्याचं पण आलं. पहिल्या मजल्याचं बी आलं, म्हणजे सगळ्यांचंच येतंय. व्हिडिओ आहे, त्यात खजिनदारांचा आवाज आहे "हो, आलं आलं."

बापू, तुमच्या पायाशी लोटांगण. तीन इंची किचनचा पाईप निघाला. मैल्याचा नाही हे त्यातल्या त्यात बरं.

---

बापू_नळवाले | १४ डिसेंबर, रात्री ८.००

लोटांगण राहू द्या, एक चांगला टॉवेल द्या, कोरडा :)

आता खालनं एम-सील थापून देतो म्हणतील, तेवढ्यावर राजी होऊ नका. ओल्या जोडाला ते नीट धरत नाही, आणि धरलं तरी पाईप हलणं थांबत नाही. बीडाचा पाईप सरळ कापून रबर रिंगचं कपलिंग टाकायचं, आडवा पीव्हीसी नवीन, दर तीन-चार फुटाला क्लॅम्प, उतार डक्टच्या दिशेने, आणि वळणाला झाकणवाला बेंड म्हणजे पुढे साफ करता येईल. रिंगच्या जोडात पाईप पूर्ण आत घालून परत बोटाच्या पेरापेक्षा थोडा कमी, सेंटीमीटरभर मागं ओढायचा, तापल्यावर लांबायला जागा लागते. बरेच जण ही जागा सोडत नाहीत. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण तेवढा वेळ त्या लाईनच्या सगळ्या किचनचं पाणी बंद पाहिजे. तशी नोटीस कमिटीलाच लावावी लागेल.

---

हिशोबी | १५ डिसेंबर, दुपारी १२.१०

मी सीए आहे. ७० हजार कसे काढले?

---

चादरवाला_सोलापूर | १५ डिसेंबर, दुपारी १२.४०

एमआरपीने. ४२ चादरी आणि १३० टॉवेल.

---

हिशोबी | १५ डिसेंबर, दुपारी ३.३०

वाटलंच होतं. नुकसान म्हणजे तुमच्या खिशातून गेलेले पैसे, न झालेल्या विक्रीचे नाहीत. खरेदीच्या बिलावरचा भाव घ्या, जीएसटी सोडून. यात्रेतला बुडालेला धंदा वेगळा विषय आहे, मागता येतो पण सिद्ध करणं अवघड, आणि फुगवलेला एक आकडा बाकीच्या खऱ्या आकड्यांनाही संशयात टाकतो. मानसिक त्रासाचे पन्नास हजार या पत्रात तरी नकोत.

जो माल धुऊन कमी भावात विकला जाईल त्याचे पैसे तुम्हीच वजा करून दाखवा. आणि जो पूर्ण टाकून द्यावा लागेल त्यावर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट परत करावं लागतं, तेवढी रक्कम मात्र मागण्यात धरा, ही गोष्ट लोक विसरतात. टाकायच्या मालाचे फोटो, नगांची यादी, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्याशिवाय एक चिंधीही बाहेर टाकू नका.

बँकेचं सीसी लोन आहे का? असेल तर स्टॉकचा विमा असणारच, बँक त्याशिवाय देत नाही.

---

चादरवाला_सोलापूर | १५ डिसेंबर, रात्री ९.१५

अरे हो की! सीसी आहे. दरवर्षी खात्यातनं विम्याचे पैसे कटतात, पॉलिसी कधी उघडून बघितली नाही. आता बघितली, त्यात पाईप फुटून वाहिलेलं पाणी असं काहीतरी आहे.

---

हिशोबी | १५ डिसेंबर, रात्री ९.४०

उद्याच्या उद्या कळवा, आधीच आठवडा गेला. ते सर्व्हेअर पाठवतील. ते बहुतेक म्हणतील की हे अचानक फुटणं नव्हे, हळूहळू झिरपणं आहे, आणि तुमचा सप्टेंबरचा फोटो तिथे तुमच्याच विरुद्ध जाईल. तोच फोटो सोसायटीकडे तुमच्या बाजूचा, गंमत आहे. तरीही कळवा. आणि विम्याचा निकाल लागेपर्यंत सोसायटीला "पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली" असं काही सही करून देऊ नका. विमा कंपनीने पैसे दिले तर सोसायटीकडून वसुलीचा हक्क तेवढ्यापुरता त्यांच्याकडे जातो, दोन्हीकडून एकाच नुकसानीचे पैसे मिळत नाहीत.

---

मीनल_ठाणे | १६ डिसेंबर, सकाळी १०.००

"धुऊन कमी भावात विकायचा" हे वाचून अंगावर काटा आला. सांडपाण्यात भिजलेला टॉवेल कुणीतरी तोंड पुसायला नेणार?

---

कडकभाकरी | १६ डिसेंबर, सकाळी १०.२०

+१. मी सोलापुरातून आजच टॉवेल घेतलाय, आता वास घेऊन बघतोय.

---

चादरवाला_सोलापूर | १६ डिसेंबर, दुपारी १.००

ताई बरोबर आहे तुमचं. आमच्या वडलांनी पण हेच सांगितलं, टॉवेल गिऱ्हाइकाला द्यायचे नाहीत. शेजारच्या गॅरेजवाल्यांनी हात-गाड्या पुसायला म्हणून सगळे मिळून १,२०० ला घेतो म्हटलंय, सर्व्हेअर बघून गेला की देणार. चादरींतल्या १७ ना फक्त कडेला डाग आहे, त्या धुऊन सेकंड माल म्हणून, डाग दाखवून, २५० ने. बाकी २५ गेल्या, त्यांच्यात बुरशीचे काळे ठिपके आलेत.

---

मीनल_ठाणे | १६ डिसेंबर, दुपारी १.१५

मला सेकंडच्या चादरीही पटत नाहीत, पण डाग दाखवून विकताय तर ठीक.

---

चादरवाला_सोलापूर | १८ डिसेंबर, रात्री ११.००

सर्व्हेअर काल येऊन फोटो काढून गेला, काही बोलला नाही. पत्र नवीन लिहिलंय, बघा:

"प्रति, मा. अध्यक्ष व सचिव, यांस.
विषय: सामाईक सांडपाणी पाईपच्या गळतीची दुरुस्ती व मालाच्या नुकसानीची भरपाई मिळणेबाबत.

महोदय, मी संस्थेचा सभासद असून तळमजल्यावरील गाळा माझ्या मालकीचा आहे. माझी देखभाल वर्गणी डिसेंबरपर्यंत भरलेली आहे (पावती जोडली आहे). माझ्या गाळ्याच्या पोटमाळ्यातून जाणाऱ्या तीन इंची सामाईक सांडपाणी पाईपचा जोड गळत असल्याचे मी ११ सप्टेंबर २०२५ रोजी संस्थेच्या ग्रुपवर फोटोसह कळविले होते. त्यावर मा. अध्यक्षांनी 'बघतो' असे उत्तर दिले. त्यानंतर दुरुस्ती झाली नाही. दि. ८ डिसेंबर रोजी दुकान उघडले असता पोटमाळ्यावरील माल भिजलेला आढळला.

दि. १४ डिसेंबर रोजी मा. खजिनदारांच्या उपस्थितीत टाकीचा व्हॉल्व्ह बंद ठेवून तिसऱ्या, दुसऱ्या व पहिल्या मजल्यावरून क्रमाने निळीचे पाणी सोडले असता तिन्ही वेळा ते याच जोडातून गळाले. सबब गळती सामाईक पाईपची आहे. पाईपखाली मी प्लाय लावलेला असून जोडापाशी उघडता येणारे झाकण आहे. दुरुस्तीसाठी गाळा कोणत्याही दिवशी, कोणत्याही वेळी उघडून देण्यास मी तयार आहे.

मागणी एक: सदर जोड व आडवा पाईप हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत बदलून मिळावा. केवळ बाहेरून लेप देऊ नये.

मागणी दोन: नुकसानीपोटी रु. ३३,१४५ मिळावेत. ४२ चादरी प्रत्येकी ४६० प्रमाणे १९,३२० आणि १३० टॉवेल प्रत्येकी ११० प्रमाणे १४,३००, एकूण खरेदी किंमत ३३,६२०. यातून कमी भावात जाणाऱ्या मालाचे ५,४५० वजा केले आहेत. चादरी धुण्याचे ६००, फुगलेला प्लायचा रॅक बदलण्याचे ३,८०० आणि टाकून द्याव्या लागणाऱ्या २५ चादरींवरील परत करावयाचे जीएसटी क्रेडिट ५७५ मिळविले आहे. विम्याचा दावा कळविला असून त्यातून रक्कम मिळाल्यास तेवढी या मागणीतून कमी करण्यात येईल. बिले, यादी व फोटो सोबत आहेत."

---

माजी_सेक्रेटरी_कोथरूड | १९ डिसेंबर, सकाळी ८.३०

हे पत्र मला आलं असतं तर मी त्याच दिवशी प्लंबर बोलावला असता, आणि पैशाचं मात्र सभेवर ढकललं असतं :) कमिटीला सभेशिवाय खर्च करायची मर्यादा असते, पाईप त्यात आरामात बसतो. भरपाईवर कुठलाच अध्यक्ष एकट्याने सही करणार नाही. म्हणून "मागणी दोन कमिटीच्या पुढील सभेत ठेवून लेखी निर्णय कळवावा" ही ओळ घाला. तोंडी नकार टांगता राहतो, लेखी नकार आला तर तुम्हाला पुढे जाता येतं.

दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का-तारीख घ्या. घेत नसतील तर रजिस्टर करा.

---

कडकभाकरी | १९ डिसेंबर, सकाळी ८.५०

काका, रजिस्टर पोस्ट आता राहिलंय कुठं, ते स्पीड पोस्टात विलीन केलंय. पोचपावतीसकट स्पीड पोस्ट.

---

माजी_सेक्रेटरी_कोथरूड | १९ डिसेंबर, सकाळी ९.१०

घ्या, म्हातारे झालो आम्ही.

---

तिसरा_मजला | १९ डिसेंबर, दुपारी १२.००

पत्र चांगलं आहे. तरी सभेत मी कमिटीत असतो तर विचारलं असतं, की सप्टेंबरला ओल दिसली होती तर डिसेंबरपर्यंत माल त्याच जोडाखाली का ठेवला? ताडपत्री शंभर-दोनशेला मिळते. रकमेत थोडी कपात मागेन मी.

---

चादरवाला_सोलापूर | १९ डिसेंबर, दुपारी १२.३०

ऑक्टोबरमध्ये गळायचं थांबलं होतं ओ, वाटलं कुणीतरी केलं दुरुस्त. पण तुमचा प्रश्न टोचला, खरंय ते.

---

अॅड_स्नेहा | १९ डिसेंबर, दुपारी ३.००

टोचणारच, आणि कोर्टातही विचारला जाईल. "मधल्या काळात गळती थांबली होती" हे वाक्य पत्रात घाला. कपात किती होईल ते आत्ता कुणीच सांगू शकत नाही.

---

चादरवाला_सोलापूर | २४ डिसेंबर, रात्री १०.२०

अपडेट. २० तारखेला पत्र दिलं, सेक्रेटरींनी दोनदा वाचलं, शिक्का मारून दिला. "एवढं नीट लिहिलंय, कुणाकडनं लिहून घेतलं?" विचारलं, मी म्हटलं घरच्यांनीच. काल कमिटी बसली. पाईप बदलायचा ठराव झाला, रबर रिंगचं कपलिंग हा शब्द ठरावात आलाय बापू! भरपाईवर दोन जण द्या म्हणाले, दोन जण दुकानदारांनी पाणीपट्टी वाढवून द्यावी मग बघू म्हणाले, शेवटी जानेवारीत विशेष सभेपुढे ठेवणार आहेत. तसं लेखी दिलंय. विमावाल्यांचं अजून काही नाही.

प्लंबर शुक्रवारी येणार होता पण त्या दिवशी पाणी आहे, अख्खी बिल्डिंग धुणं काढून बसणार. म्हणून शनिवारवर ढकललंय.

---

बापू_नळवाले | २४ डिसेंबर, रात्री १०.४५

शनिवारी सकाळी मी येऊन उभा राहतो. ते सेंटीमीटर मागं ओढतात का नाही बघायचंय.